खाका काढला, उडवला नाही

एप्रिलमध्ये माझ्या बदलीची ऑर्डर आली. अकरा वर्षं जिल्हा परिषदेच्या एकाच उर्दू हायस्कूलमध्ये मराठी शिकवल्यावर आता दुसऱ्या जिल्ह्यात जायचं होतं. आमच्या शाळेत निरोपाचा एक ठरलेला रिवाज आहे. जाणाऱ्याला शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळतं. जाणारा समोसे मागवतो, 'काही चुकलं-माकलं असेल तर माफ करा' असं म्हणतो आणि रडवेला होऊन खाली बसतो. मी स्वतः असे सात निरोप पाहिले. कोण काय बोललं, ते एकाचंही मला आठवत नाही. समोसे आठवतात.

म्हणून मी ठरवलं की जाताना स्टाफमधल्या प्रत्येकाचं एक चित्र काढून द्यायचं आणि भाषणाऐवजी त्या चित्रांची ओळख करून द्यायची. फळ्यावर चित्रं काढत काढतच मी मराठी शिकवते, त्यामुळे हात अगदीच अडाणी नाही. पण काढायची होती ती हसवणारी चित्रं, आणि ती कुणाला लागता कामा नयेत. हे काम वाटलं त्याहून बरंच अवघड निघालं.

अशा चित्राला आपण सर्रास व्यंगचित्र म्हणतो. व्यंग म्हणजे उणीव, खोट. मराठीतच याला दुसरा नेमका शब्द आहे, अर्कचित्र. अर्क म्हणजे माणूस उकळून जे उरतं ते. उर्दूत शब्द आहे खाका. उर्दू साहित्यात खाका हा लेखनाचाही एक प्रकार आहे. मिर्झा फरहतुल्ला बेग यांनी आपल्या उस्तादांवर, म्हणजे डेप्युटी नजीर अहमद यांच्यावर लिहिलेला खाका शंभर वर्षांपूर्वीचा आहे. त्यात उस्तादांचा चिक्कूपणाही आहे आणि त्यांच्यावरची मायाही. मंटोने सिनेमावाल्या दोस्तांचे खाके लिहिले आणि पुस्तकाला नाव दिलं 'गंजे फरिश्ते'. पण उर्दूत 'खाका खींचना' वेगळं आणि 'खाका उडाना' वेगळं. पहिल्यात चित्र काढतात, दुसऱ्यात माणसाची फजिती करतात. आपल्या मराठीत टोपी उडवतात, टर उडवतात, खिल्ली उडवतात. दोन्ही भाषांना एकच क्रियापद सुचावं, याची मला गंमत वाटते. मला खाका काढायचा होता, उडवायचा नव्हता.

सगळ्यांना समोर बसवून चित्र काढणं शक्य नव्हतं. एक तर वार्षिक परीक्षांचे दिवस, आणि दुसरं म्हणजे समोर बसवलं की माणूस लगेच पासपोर्ट फोटोसारखा ताठ होतो. ऑफिसच्या संगणकात अकरा वर्षांचे फोटो होते. आयकार्डांचे, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टचे, शिक्षक दिनाचे, स्नेहसंमेलनाचे. मी क्लार्कसाहेबांकडे ते पेन ड्राइव्हवर मागितले. ते म्हणाले, "मॅडम, अर्ज द्या." मी अर्ज दिला. त्यांनी त्यावर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला, मुख्याध्यापकांची सही आणली आणि मगच फोटो दिले. 'जाता जाताही सोडत नाहीत,' असं मी मनात म्हटलं.

त्याच दिवशी मी सगळ्यांना सांगून टाकलं की तुमची गमतीची चित्रं काढणार आहे, ज्यांना नको असेल त्यांनी आत्ताच सांगा. हे मी आश्चर्याचा धक्का म्हणून लपवून ठेवलं नाही. सगळ्यांसमोर स्वतःचं चित्र अचानक पाहायला लागणं ही प्रत्येकाला भेट वाटेलच असं नाही.

मग रात्री घरी काम सुरू झालं. चेहऱ्याचा एक साधा हिशेब असतो. डोकं वरपासून हनुवटीपर्यंत मोजलं तर डोळे बरोबर मध्यावर येतात, कपाळाच्या वर नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये साधारण एका डोळ्याएवढी जागा असते. नाकाचं टोक डोळे आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर. असा एक सरासरी चेहरा मी ट्रेसिंग पेपरवर काढून ठेवला आणि आयकार्डाचा फोटो त्याच मापात छापून घेऊन त्यावर तो कागद ठेवत गेले. जिथे फोटो माझ्या रेषेपासून सरकतो, तिथे तो माणूस असतो. विज्ञानाच्या मॅडमच्या भुवया रेषेच्या कितीतरी वर निघाल्या, म्हणून त्या नेहमी नुकतीच काहीतरी बातमी कळल्यासारख्या दिसतात. पी.टी. सरांचा जबडा कानांपेक्षाही रुंद निघाला. सरकलेलं तेवढंच थोडं आणखी सरकवायचं आणि बाकीचं लहान करायचं. सगळंच मोठं केलं तर काहीच मोठं दिसत नाही. एका चित्रात एक गोष्ट, फार तर दोन.

मुख्याध्यापकांच्या चित्राने मला चांगलंच फसवलं. तीनदा काढलं, तरी माझी मुलगी म्हणायची, "हे कोण, अम्मी?" नाक भलंमोठं, कान जवळजवळ गायब. नंतर लक्षात आलं की मी फोटोच चुकीचा घेतला होता. तो सरांनी सहलीत स्वतःच हात लांब करून काढलेला सेल्फी होता. मोबाइल चेहऱ्याच्या इतका जवळ असला की पुढे असलेलं नाक फुगतं आणि मागचे कान आणखी मागे जातात. म्हणजे मी सरांचं चित्र काढत नव्हते, अंतराचं काढत होते. ग्रुप फोटोतही तेच होतं. मोबाइलच्या अशा फोटोत कडेला उभी असलेली माणसं आडवी ताणलेली येतात, आणि बिचारे शिपाईचाचा अकरा वर्षं कडेलाच उभे होते. त्यानंतर मी एक नियम केला. प्रमाण घ्यायचं ते आठ-दहा फुटांवरून काढलेल्या आणि मध्ये उभं असलेल्या फोटोवरून. आणि ऑफिसच्या ट्यूबलाइटने डोळ्यांखाली पडलेल्या सावल्या काढायच्याच नाहीत. त्या डोक्यावरच्या उजेडाच्या असतात, माणसाच्या नसतात. आणि काढल्या की पस्तिशीची मॅडम पंचावन्नची दिसते.

आता क्लार्कसाहेबांकडे येते, कारण खरी परीक्षा तिथे झाली.

तीन वर्षांपूर्वी माझ्या अब्बांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. वैद्यकीय बिलाचा माझा प्रस्ताव ऑफिसातून तीनदा परत आला. कधी एका प्रमाणपत्रावर तारीख नाही, कधी एका पावतीवर शिक्का पुसट. प्रत्येक वेळी क्लार्कसाहेब फाईल माझ्यासमोर ठेवून म्हणायचे, "मॅडम, त्रुटी आहे." बिल मिळायला चौदा महिने लागले. त्या काळात स्टाफरूममध्ये मी त्यांच्याबद्दल जे जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांचे पुढचे दात थोडे बाहेर आहेत. त्यांचं चित्र मला सगळ्यात लवकर जमलं. स्नेहसंमेलनाच्या एका फोटोत ते कशालातरी दचकून हसले होते, तोच मी घेतला. फाईलींचा ढिगारा, त्याच्यावर डोकं, आणि डोक्याच्या निम्मे दात. मुलीने तीन सेकंदांत ओळखलं. हसूनही झालं. मग ती संगणकावरचे फोटो चाळत बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अम्मी, हे काका बाकी एकाही फोटोत तोंड उघडून हसलेले नाहीत."

मी पाहिलं. अकरा वर्षांचे सव्वीस फोटो. पंचवीसमध्ये ओठ मिटलेले. जिथे सगळे खिदळताहेत, तिथेही ते ओठ दाबून उभे, आणि दोन फोटोंत तर तोंडापुढे हात. म्हणजे कॅमेरा दिसला की हा माणूस दर वेळी एकच गोष्ट आठवणीने झाकत होता. आणि ती नेमकी मी उघडी करून, दहापट मोठी करून, त्यांच्याच सहकाऱ्यांपुढे लावणार होते. चित्र हुबेहूब होतं, पण ते क्लार्कसाहेबांचं नव्हतं. ते माझ्या चौदा महिन्यांचं चित्र होतं.

मी ते फाडलं. आणि मग सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून, वेगळ्या नजरेने पाहिले. प्रत्येक माणूस फोटोत दोन गोष्टी करत असतो. एक तो झाकतो. कुणी पोट आत ओढतं, कुणी टक्कल टोपीखाली ठेवतं, आमच्या भूगोलाच्या मॅडम गालावरचा डाग दुपट्ट्याने लपवतात. ते काढायचं नाही, कितीही ओळखू येणारं असलं तरी. दुसरी गोष्ट त्याच्या नकळत प्रत्येक फोटोत येत राहते. ती त्याने स्वतः लावून घेतलेली सवय असते, आणि ती मात्र मनसोक्त मोठी करायची. पी.टी. सर झेंडावंदनालाही शिटी ओठांत धरूनच उभे असतात. गणिताच्या सरांच्या सदऱ्याच्या खिशाला नेहमी खडूचे पांढरे ठसे, कारण लिहून झालं की खडू खिशात. टकलाबद्दल मी एक सवलत ठेवली. जो स्वतःच त्यावर विनोद करतो त्याचं काढायचं, पण तो करतो तेवढंच. मुख्याध्यापक दर पावसाळ्यात म्हणतात की पहिला थेंब मलाच कळतो. त्यांच्या डोक्यावर मी एक थेंब काढला, बस्स.

क्लार्कसाहेबांच्या सव्वीसपैकी नऊ फोटोंत कानावर पेन होता. मला एकदम आठवलं की ते रोज, "माझा पेन कुणी नेला?" म्हणून सगळं ऑफिस डोक्यावर घेतात. आणखी काही मिळतंय का म्हणून मी शिपाईचाचांना विचारलं, "साहेबांची एखादी गंमत सांगा ना." चाचा म्हणाले, "गंमत काय, मॅडम. तुमच्या बिलाच्या वेळी चौथ्यांदा फाईल पोस्टाने नाही पाठवली त्यांनी. स्वतःची किरकोळ रजा टाकून एसटीने जिल्ह्याला गेले होते. टेबलापुढे उभे राहून फाईल पुढे सरकवून आले. मला म्हणाले होते, मॅडमना सांगू नको, त्या आधीच रागावल्यात."

त्या रात्री मी त्यांचं चित्र पाचव्यांदा काढलं. गंमत शोधायला गेले नसते, तर हे मला कधी कळलंच नसतं.

आणखी एक अडचण होती ती मौलाना साहेबांची. आमचे उर्दूचे ज्येष्ठ शिक्षक, सगळे त्यांना मौलानाच म्हणतात. हाताने काढलेली माणसांची चित्रं त्यांना पटत नाहीत. मी विचारायला गेले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बेटी, आमची तस्वीर राहू दे. बाकीच्यांची काढ, आम्हाला वाईट वाटणार नाही." त्यांनी मला अडवलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटलं. पण नऊ जणांच्या रांगेत आठच चित्रं आणि एका खुर्चीला काहीच नाही, हेही बरं दिसेना. गंमत अशी करायची की कुणीतरी तिच्या बाहेर राहावं, तर तीही एक इजाच.

उत्तर शाळेच्या भिंतीवरच होतं. पाण्याच्या टाकीजवळ स्वच्छ भारतचं चिन्ह रंगवलंय. नुसता गोल चष्मा. ना डोळे, ना नाक, ना चेहरा, तरी पहिलीतलं पोरही 'गांधीजी' म्हणतं. मग मी मौलाना साहेबांची सायकल काढली. हँडलला छत्री, जी ते डिसेंबरातही आणतात. कॅरिअरवर दोरीने बांधलेलं शब्दकोशाचं जाडजूड बाड. चेनमध्ये अडकू नये म्हणून पायजम्याला लावतात ती चिमटी, रिकामीच, सीटवर ठेवलेली. आणि सायकलच्या मागे धावणारी अत्तराची एक लहर. माणूस कुठेच नाही.

सगळी चित्रं मी जाड ड्रॉइंग पेपरवर पेन्सिलीने काढून, वर पाण्याने न पसरणाऱ्या काळ्या पेनने पक्की केली. डोकं मोठं, धड लहान, पाय त्याहून लहान. चित्र झालं की उलटं धरून पाहायचं. सरळ धरल्यावर डोळे माफ करतात, उलटं धरलं की वाकडं लगेच दिसतं.

भाषणाची तयारीही मग चित्रांसारखीच केली. प्रत्येकासाठी तीन-चार वाक्यं, एक मिनिटाच्या आत. आधी नाव न सांगता खूण, मग लोकांनी ओळखायचं, मग कागद उलटायचा, आणि शेवटचं वाक्य हसण्याचं नाही, तर त्या माणसाने केलेल्या एखाद्या कामाचं. हा क्रम मोडला की काय होतं, ते त्याच दिवशी कळलं. विज्ञानाच्या मॅडमचा कागद पंख्याच्या वाऱ्याने आधीच उलटला. सगळे हसले, आणि त्यांनी कोविडच्या काळात ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्या मुलांच्या घरी जाऊन शिकवलं, हे माझं वाक्य त्या हसण्यात बुडालं. ते मला पुन्हा सांगावं लागलं, आणि पुन्हा सांगितलेल्या वाक्यात पहिल्याची धार नसते.

सुरुवात मी स्वतःपासून केली. दुसऱ्याला हसायचं तर पहिलं तिकीट आपलं. माझ्या चित्रात मी नुसतंच एक भलंमोठं उघडं तोंड होते, आत जीभ वळलेली. मी म्हणाले, "या बाई अकरा वर्षं एकच अक्षर शिकवत होत्या. उर्दूत हे अक्षर नाही, म्हणून मुलं शाळेला शाला म्हणतात आणि फळाला फल. बाईंनी तोंड इतकं उघडून दाखवलं की चौथ्या बाकापर्यंत पडजीभ दिसायची. तरी काल दहावीचा मुलगा म्हणाला, मॅडम, तुम्ही चालल्यात तर आमची शाला सुनी होईल." पहिलं हसू आलं आणि माझे हात थरथरायचे थांबले.

मौलाना साहेबांची खूण मी फक्त एवढीच सांगितली, "पाऊस नसताना छत्री." कागद उलटण्याआधीच सगळं स्टाफरूम ओरडलं. शेवटचं वाक्य असं होतं, "ज्यांना माझं हे काम पटत नाही, त्यांनीच मला ते करू दिलं. त्यांच्याइतकं मोठं मन काढता येईल एवढा कागद मला मिळाला नाही." मौलाना साहेब बराच वेळ चित्राकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, "बेटी, आमच्या सायकलची घंटी डाव्या बाजूला आहे." मी तिथल्या तिथे पेन काढून घंटी डावीकडे केली. उजवीकडची घंटी खोडता आली नाही, म्हणून त्या चित्रातल्या सायकलला आता दोन घंट्या आहेत.

क्लार्कसाहेब सातवे होते. "हे साहेब रोज अकरा वाजता पेन हरवतात," मी म्हणाले. "टेबलाखाली शोधतात, कपाटात शोधतात, चाचांवर संशय घेतात. पेन मात्र जागेवरच असतो." चित्रात एक कान होता, पानभर, आणि त्यावर खांबाएवढा पेन. कानाखाली छोटासा माणूस, ओठ मिटलेले, फाईलींच्या खाली वाकून शोधतोय. हसणं ओसरल्यावर मी म्हणाले, "माझी फाईल तीनदा परत आली, तेव्हा मी साहेबांबद्दल बरंच बोलले, ते त्यांच्याही कानावर आलं असेल. त्याच कानावर आज एक गोष्ट घालते. चौथ्यांदा ती फाईल कोण घेऊन गेलं, ते मला कळलंय. तेव्हा शुक्रिया म्हणायचं राहिलं. ही त्रुटी माझ्याकडून होती. आज पूर्तता करते."

स्टाफरूममध्ये एकदम शांतता झाली. साहेबांनी चाचांकडे रागाने पाहिलं. मग चित्र हातात घेतलं, दोनदा उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "खाली सही आणि तारीख नाही, मॅडम. कागद अपूर्ण आहे." मी सही केली, तारीख टाकली.

शेवटी नेहमीप्रमाणे ग्रुप फोटो झाला. शिपाईचाचांना मी ओढून मध्ये उभं केलं. चार दिवसांनी तो फोटो मोबाइलवर आला तेव्हा मी बोटांनी मोठा करून पाहिला. क्लार्कसाहेबांचे ओठ तसेच घट्ट मिटलेले होते. पण पेन त्यांनी खिशातून काढून, बहुधा फोटोसाठीच, कानावर ठेवला होता.